बिनसहीचं पान

बँकवाले : कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा आवडली, म्हणून दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचली. चौतीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला पेन्सिलीशिवाय वाचता येत नाही, राग मानू नकोस. तुझा कारकून दर सोमवारी शाखा उघडायच्या आत फुलस्केपचं एक पान भिंतीवर लावतो. स्लिपा भरायचं टेबल असतं, दोरीला बांधलेलं पेन लोंबत असतं, त्याच्या बरोबर वर. पानावर बचतीच्या सवयींबद्दल दहा-बारा ओळी, खाली सही नाही. मग आठवडाभर तो आपल्या खिडकीतून चोरून बघत बसतो, की कोण थांबतंय, कोण वाचतंय, कोण हसतंय. इथपर्यंत चित्र छान आहे. पण त्याची भीती तू भलत्या जागी ठेवलीस. लोक हसतील म्हणून बँकेतला माणूस घाबरत नाही. चहाच्या वेळी रोज कुणाची तरी टर उडतेच, तिची सवय असते. तो घाबरतो कागदाला. शाखेच्या भिंतीला टाचलेला कागद त्या माणसाचा राहत नाही, बँकेचा शब्द होतो. उद्या एखादा खातेदार ते पान काढून आणून काउंटरवर ठेवेल आणि म्हणेल, हे तुमच्याच भिंतीवर होतं, आता द्या. आणि दुसरी गोष्ट, सही नाही म्हणजे पान निनावी राहिलं असं तू धरून चाललीस. अगं, शाखेत अक्षर लपत नाही. व्हाउचरवरच्या साताची शेपटी बघून ते कुणी लिहिलं हे आम्ही सांगायचो. पहिल्या सोमवारी साडेदहा वाजेपर्यंत अख्ख्या शाखेला लेखक कळला असता.

लेखिका : कळलेलं आहेच, काका. फक्त त्याला ते कळलेलं नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही, हे मी मुद्दाम कुठे लिहिलं नाही. पण दुसऱ्या सोमवारी त्याच्या टाचण्या संपतात आणि कॅशियर न विचारता आपली डबी पुढे सरकवतो, हे तुम्ही वाचलंत ना? तेवढ्यासाठीच ते आहे. राहिली भीतीची जागा. कागदाची भीती तुम्ही म्हणता तशी असेलही, पण ती माझ्या गोष्टीला पुरत नाही. माझ्या माणसाला वाटतं, लोक म्हणतील, हा कोण लागून गेला आम्हाला शिकवणारा? पस्तिशी उलटलेला, सणाची उचल घेऊन दिवाळी करणारा, सोसायटीचं कर्ज पगारातून कापून घेणारा. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि सांगण्याचा अधिकार नाही, असं त्याला वाटतं. गावात हजार घरांचा पैसा त्याच्या डोळ्यांसमोरून जातो. पगार एक तारखेला येतो आणि दहा तारखेपर्यंत कसा ओसरतो, हे त्याच्याइतकं कुणी बघितलेलं नाही. तरी त्याला कुणी विचारत नाही. लोक म्हणतात, पासबुक भरून द्या. एवढं बघणाऱ्या माणसाने एकदा तरी बोलावं, असं मला वाटलं.

बँकवाले : बोलावं, पण तो बोलतो काय ते बघ. दुसऱ्या सोमवारच्या पानावर तू लिहिलंयस, दरमहा हजार रुपयांची आरडी काढा, सहा टक्क्यांनी वर्षाअखेर बारा हजारांचे १२,७२० होतील. इथे माझी पेन्सिल मोडली. १२,७२० कुठून आणलेस?

लेखिका : बारा हजारांचे सहा टक्के सातशेवीस होतात, काका.

बँकवाले : होतात. पण बारा हजार वर्षभर बँकेत होते कधी? पहिला हजार बारा महिने राहिला. दुसरा अकरा महिने. शेवटचा हजार जेमतेम एक महिना. सहा टक्के म्हणजे हजाराला वर्षाला साठ, महिन्याला पाच रुपये. आता मोज. पहिल्या हप्त्याला बारा महिन्यांचे साठ, दुसऱ्याला पंचावन्न, असं उतरत उतरत शेवटच्याला पाच. बारा ते एक यांची बेरीज अठ्ठ्याहत्तर, गुणिले पाच म्हणजे ३९० रुपये. बँक दर तिमाहीला व्याजावर व्याज धरते, त्याचे आणखी पाच. झाले १२,३९५. तुझ्या आकड्यात आणि खऱ्यात सव्वातीनशेचा फरक आहे. आणि दर दोन्हीकडे सहाच टक्के आहे, कुणी कुणाला फसवलेलं नाही. काउंटरवरचं हे सगळ्यात जुनं भांडण. आरडीची मुदत संपली की माणूस घरून ७२० चा आकडा काढून यायचा आणि ३९५ बघून म्हणायचा, माझे सव्वातीनशे खाल्ले. त्याला वर हे सांगायची सोय नव्हती, की एकरकमी बारा हजार एफडीत टाकले असतेस तर सातशेच्या वर मिळाले असते. त्याच्याकडे एकरकमी बारा हजार असते तर तो आरडीकडे आला कशाला असता?

लेखिका : माझे कान गरम झाले बघा. ही कथा मी चार जणांना वाचून दाखवली, त्यातले दोघे कॉमर्सचे. कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी भीतीवर कथा लिहीत होते! पण आता एक सुचतंय. ही चूक मी खोडणार नाही. ती त्याचीच असू दे. सोमवारी पान लागतं, बुधवारी त्याला दिसतं, की ७२० वर कुणीतरी लाल पेनाने काट मारलीय आणि शेजारी बारीक अक्षरात ३९५ लिहिलंय. खाली सही नाही. त्याला ज्याची भीती होती ते घडतं, आणि घडतं ते त्याच्यासारखंच, बिनसहीचं.

बँकवाले : कथेला ते शोभेल. पण कारकून ही चूक करणार नाही. मुदतीअंती किती मिळणार ते पावतीवर छापून येतं, आकडे त्याच्या डोळ्यांत बसलेले असतात. चूक करेल तो पान वाचणारा. आणि लाल पेनवाल्याचं तुला कौतुक वाटतंय, मला त्याची फिकीर नाही. जो येऊन भांडतो त्याला समजावता येतं. पाच मिनिटं जातात, मागची रांग कुरकुरते, पण हप्त्यांची उतरण कागदावर मांडून दाखवली की तो शांत होतो. पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याला समजावतो. मला फिकीर आहे ती न भांडणाऱ्याची. त्याने पान वाचलं, आरडी काढली, वर्षभर पोटाला चिमटा घेऊन बारा हप्ते भरले, एखादा चुकला तर त्याचा दंडही भरला आणि शेवटी ३९५ मिळाल्यावर काही न बोलता पैसे घेऊन गेला. तो टीका करत नाही. तो पुढच्या महिन्यापासून भिशीत पैसे घालतो, कारण भिशीवाली त्याच्या ओळखीची असते. तुझ्या कारकुनाला तो कधी दिसणारच नाही. खिडकीतून हसणारे मोजत बसतो, पण जाणारा मोजता येत नाही.

लेखिका : म्हणजे टीका करणारा हा त्यातल्या त्यात आपला माणूस.

बँकवाले : आपला वगैरे नको म्हणूस. तोही डोकं खातोच. मी फक्त एवढंच म्हणतो, की तुझ्या माणसाने भीती धरायचीच तर आकड्याची धरावी. माणसांची भीती माणसाला गप्प करते. आकड्याची भीती त्याला दुसऱ्यांदा बेरीज करायला लावते. तुझ्या कथेत तो पहिली भीती सोसतो, दुसरी त्याला शिवतही नाही.

लेखिका : हे दोन वेगळे कप्पे असतात असं मला वाटत नाही. बेरीज चुकली तर लोक काय म्हणतील, म्हणूनच माणूस दुसऱ्यांदा बेरीज करतो. लोकांची भीती पार गेली की आकड्याचीही जाते. असे बेधडक सल्ला देणारे आपण रोज बघतो. तुम्ही स्वतः चौतीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवलीत. ती आकड्याच्या प्रेमाने जुळवलीत, की जुळली नाही तर सगळ्यांसमोर थांबावं लागेल म्हणून?

बँकवाले : दोन्हीमुळे. आणि बायको वाट बघत असायची म्हणून. बरं, ते सोड. तिसऱ्या पानाकडे येऊ या, मला खरं तिथे बोलायचं आहे. पेन्सिलीच्या सगळ्यात जास्त रेघोट्या त्या पानावर आहेत.

लेखिका : कोथिंबीरवालीचं पान? तेच सगळ्यांना आवडलं.

बँकवाले : आवडणारच. काय लिहितो तुझा कारकून? काही लोकांचं पासबुक भरतं, पण शिल्लक भरत नाही. बुधवारी पाचशे टाकायचे, शनिवारी साडेचारशे काढायचे, ही बचत नव्हे, ही येरझार. छान वाक्य आहे. वाचणारे हसले असतील. आता माझ्या रेघोट्या. पहिली किरकोळ आहे. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, तेव्हा तिला दर शनिवारी पैसे काढताच येणार नाहीत. शुक्रवार कर.

लेखिका : शुक्रवार केला. आणखी लाज राहिली असेल तर तीही काढा.

बँकवाले : लाज नव्हे गं. दुसरी रेघोटी मात्र किरकोळ नाही. पानावर नाव नाही, खाते क्रमांक नाही, म्हणून तो निर्धास्त आहे. पण मंगळवारचा आठवडे बाजार असलेल्या गावात बुधवारी सकाळी पाचशे भरायला येणाऱ्या बायका किती असतील? नोकरीला लागताना आम्ही निष्ठेच्या आणि गोपनीयतेच्या कागदावर सही करतो. तो कागद सांगतो, खातेदाराचं काही बाहेर बोलायचं नाही. ‘नाव घेतलं नाही’ ही पळवाट त्यात नाही. लहान गावात माणूस नावाने ओळखला जात नाही, दिवसाने आणि रकमेने ओळखला जातो. तुझ्या कथेत ती बाई पान वाचते का?

लेखिका : तिला वाचता येत नाही. तिची सातवीतली मुलगी वाचून दाखवते. मग आई म्हणते, आपलंच लिहिलंय वाटतं. एवढंच. ती भांडत नाही, पुढच्या बुधवारी नेहमीसारखी रांगेत उभी राहते. मला तो कथेचा सगळ्यात दुखरा क्षण वाटतो. सहकारी हसतील, साहेब बोलावतील, कुणी चूक काढेल, अशा दहा प्रकारे तो घाबरला होता. आणि जिच्याबद्दल त्याला भीती वाटायला हवी होती, तिची भीती त्याला एकदाही वाटली नाही, कारण ती टीका करू शकेल हे त्याच्या मनातच आलं नाही.

बँकवाले : तो क्षण मला लागला, म्हणूनच पेन्सिल घेतली. पण तू तिथे फक्त त्याचा उद्धटपणा बघतेस. तो चुकलाही आहे, आणि ते तुझ्याही लक्षात आलेलं नाही. त्या बाईचा हिशेब मांडू. आठवड्याला पाचशे आत, साडेचारशे बाहेर. बावन्न आठवड्यांत २६,००० आत आले, २३,४०० बाहेर गेले. राहिले २,६००. दिवाळीला ती अडीच हजार काढते असं तू लिहिलंयस. उरले शंभर. तुझा कारकून वर्षाच्या शेवटची ओळ बघतो आणि म्हणतो, शंभर रुपये, काय ही बचत! पण ते साडेचारशे कुणाचे आहेत? अडत्याचे. मंगळवारचा माल तिने उधारीवर उचललाय, शुक्रवारी त्याचे पैसे चुकवायचेत. मधले दोन दिवस ते पैसे घरात राहिले तर काय होईल, हे तिला माहीत आहे. नवरा मागेल, दीर मागेल, पोराच्या वहीचं निघेल. ती बँकेत पैसे वाढवायला येत नाही, लपवायला येते. बुधवार ते शुक्रवार, घरापासून लांब. आणि वर दर आठवड्याला पन्नास रुपये आत ठेवून जाते, बावन्नच्या बावन्न आठवडे. सणाची उचल घेऊन दिवाळी करणाऱ्या तुझ्या कारकुनापेक्षा ती बाई जास्त शिस्तीची आहे. तिची दिवाळी तिच्याच पैशाची असते.

लेखिका : पण मग तिला बँकेकडून मिळालं काय? व्याज तर जवळजवळ शून्य.

बँकवाले : त्या साडेचारशेवर जवळजवळ नव्हे, पूर्वी खरोखरच शून्य. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर मिळायचं. मध्ये आले-गेलेले पैसे धरतच नसत. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर धरतात. तरी साडेचारशे रुपयांना दोन दिवसांचे, तीन टक्क्यांनी, सातेक पैसे होतात. वर्षाचे चार रुपयेसुद्धा नाहीत. आणि खातं जर साधं मूलभूत बचत खातं असेल, तर महिन्यात चारदा पैसे काढणं फुकट मिळेल याची हमी असते, पण ज्या महिन्यात पाच शुक्रवार येतात त्या महिन्यात पाचव्यांदा काय होईल ते बँकेवर. म्हणजे व्याज सोड, उलट कधीमधी तिलाच द्यावं लागेल. तरीही ती येते. का येते, हे तुझ्या कारकुनाने स्वतःला विचारलं असतं तर त्याचं पान वेगळं झालं असतं. स्टुअर्ट रदरफोर्ड म्हणून एक माणूस आहे, गरिबांच्या पैशांवर त्याचं पुस्तक आहे. त्यात विजयवाड्याच्या झोपडपट्टीतली एक बाई येते. ती दारोदार फिरून बायकांकडून रोज पाच रुपये गोळा करते, कार्डावर दोनशेवीस चौकोन असतात. सगळे भरले की अकराशे होतात. ती हजार परत देते आणि शंभर स्वतःला ठेवते. पैसे ठेवणाऱ्याला व्याज मिळायचं सोडून तोच देतो, आणि वर्षाच्या हिशेबाने ते तीस टक्क्यांच्या घरात जातं. शाळेत शिकवलेल्या गणिताने ह्या बायका वेड्या ठरतात. पण त्यांच्या हाती एकदम हजार रुपये दुसऱ्या कुठल्याही वाटेने येत नाहीत. त्या व्याज घेत नाहीत, शिस्त विकत घेतात. दारात येऊन रोज हात पुढे करणारं कुणीतरी विकत घेतात.

लेखिका : आपल्याकडचा पिग्मीवाला.

बँकवाले : तोच. उडुपीला १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने पिग्मी सुरू केली, तेव्हा बँकेचं नावही वेगळं होतं. रोज दोन आणे, एजंट दारात येऊन नेणार. तिथून ती आपल्याकडच्या पतपेढ्यांत आणि नागरी बँकांत आली. फरक एवढाच, की पिग्मीत एजंटचं कमिशन बँक देते आणि खातेदाराला थोडं का होईना व्याज मिळतं. पण कल्पना तीच. लोकांना पैसे कुठे ठेवावेत हे कळत नाही अशातला भाग नाही; हातातला पैसा घरातून बाहेर कसा काढावा, ही त्यांची अडचण आहे. तुझा कारकून त्यांना पहिलं सांगत बसलाय. चहा कमी प्या, आरडी काढा. जणू कोथिंबीरवाली चहावर उडवते.

लेखिका : थांबा काका. तुमचं सगळं मान्य. तिसरं पान मी बदलणार, ते बाईच्या बाजूने चुकलंय हे कथेत कुठेतरी यायला हवं. पण तुमच्या बोलण्याचा निष्कर्ष काय निघतो ते बघा. आकडा लिहिला तर चुकेल, उदाहरण दिलं तर गोपनीयता मोडेल, सल्ला दिला तर तो वरच्या वर्गाचा निघेल. मग लिहूच नये? तुमच्यासारखी जाणती माणसं ह्याच कारणांनी गप्प बसतात, आणि भिंत रिकामी राहते असं थोडंच आहे? त्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर माझ्या कारकुनाच्या पानाआधी काय होतं, लक्षात आहे का तुमच्या?

बँकवाले : विम्याची जाहिरात. आजी, आजोबा आणि नातू, सगळे हसतायत.

लेखिका : आणि तिच्या शेजारच्या टेबलाशी काय विकलं जातं?

बँकवाले : आता तू माझ्यावर पेन्सिल चालवतेयस.

लेखिका : चालवू द्या. मी कथा लिहिली तेव्हा मला हे नीट दिसलं नव्हतं, तुमच्या रेघोट्यांमुळे दिसलं. माझ्या कारकुनाने सात पानं लिहिली. चहावर, आरडीवर, भिशीवर, सोन्यावर, लग्नखर्चावर. शेजारच्या टेबलावर एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्याला पॉलिसी दिली जाते, ह्यावर एक ओळ नाही. मी ती ओळ लिहिली नाही, कारण त्याला ती सुचली नाही असं मला वाटत होतं. पण त्याला सुचली नसेल हे शक्य नाही. त्याने जे लिहिलं त्यात त्याची भीती शोधण्यात आपण दोघांनी वेळ घालवला. ती होती, जे त्याने लिहिलं नाही त्यात. चहावर लिहिणाऱ्याला काय धोका आहे? फार तर कुणी हसेल.

बँकवाले : हं. हे बरोबर पकडलंस. आणि ते त्याला बोलायची सोयही नसते, हे मी तुला सांगतो. साहेबांना टार्गेट असतं. तिमाही संपत आली की पॉलिशींचे आकडे रोज संध्याकाळी वरून विचारले जातात. साहेब वाईट नसतो. त्याचीही बदली असते, पोरांच्या शाळा असतात. भिंतीवरचं पान चहाबद्दल आहे तोवर साहेब म्हणणार, वा, चांगला उपक्रम आहे. पॉलिसीबद्दल एक ओळ आली की तेच पान शिस्तभंगाचा कागद होतं. कारकुनाला रेषा माहीत असते. कुणी आखून दिलेली नसते, पण माहीत असते.

लेखिका : तुम्हाला माहीत होती?

बँकवाले : हो.

लेखिका : तुम्ही कधी काही लिहिलंत, सांगितलंत?

बँकवाले : एक म्हातारे होते. शिक्षक, निवृत्त. दोन लाखांची एफडी संपली म्हणून आले होते. त्यांना सांगितलं गेलं, एफडीसारखंच आहे, जरा जास्त देतं. दीड लाख पुन्हा ठेवीत टाकले आणि पन्नास हजारांचा पहिला हप्ता घेतला. हप्ता आहे, दर वर्षी भरायचाय, हे त्यांना समजलेलं नव्हतं. डेबिटचं व्हाउचर माझ्या हातातून गेलं. मला समजलं होतं. त्या वेळी पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत ती परत करता यायची, किरकोळ कापून पैसे परत मिळायचे. त्या पंधरा दिवसांत ते दोनदा शाखेत आले, पासबुक भरायला. माझ्याच खिडकीवर. मी पासबुक भरून दिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या हप्त्याचं पत्र घेऊन आले तेव्हा काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. पेन्शनमधून पन्नास हजार निघत नव्हते, आणि तसल्या पॉलिसीत दुसरा हप्ता भरला नाही की पहिलाही हातचा जायचा. ते माझ्याशी भांडले नाहीत. मघाशी न भांडणाऱ्याबद्दल बोललो ना मी, तो कुणी मनातला माणूस नव्हता.

लेखिका : हे मला कथेत घेता येईल का?

बँकवाले : माझं म्हणून नको. आणि शिक्षक होते हेही नको, गावात ओळखतील. बघ, पुन्हा तेच आलं. त्यांचं गुपित राखायचं म्हणून मी तेव्हा गप्प होतो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्यांच्याच खात्याचं त्यांनाच सांगण्यात कसली आलीय गोपनीयता? आणि तुझ्या कारकुनाला तर नावाची, रकमेची कशाचीच गरज नाही. नियमाची एक ओळ पुरते. त्यात कुणाचं पासबुक उघडं पडत नाही, बेरीज चुकत नाही. मी आत्तापर्यंत जे तीन आक्षेप घेतले त्यातला एकही त्या ओळीला लागत नाही. तरी ती ओळ तो लिहीलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

लेखिका : मीही नाही सांगणार. लिहायला लावलं तर तो एकदम शूर होतो, आणि ते मला खोटं वाटेल. नाही लिहिलं तर मघाची सात पानं नुसती करमणूक ठरतात, तेही मला पूर्ण पटत नाही. ज्याने आरडीची उतरण वाचून खरंच हप्ते सुरू केले असतील, त्याला ती करमणूक नव्हती. कदाचित आठवं पान तो लिहून खिशात ठेवतो. सोमवार येतो, शाखा उघडते, आणि मला पुढचं माहीत नाही. पण ओळ तर मला बरोबर हवी. मघासारखं ७२० नको. सांगा, मी लिहून घेते.

बँकवाले : लिही. विमा पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, पटली नाही तर, लेखी कळवून ती परत करता येते. पूर्वी पंधरा दिवस होते, २०२४ पासून तीस झाले. थोडी रक्कम कापून बाकी हप्ता परत मिळतो. कागद कधी मिळाला ती तारीख पाकिटावर लिहून ठेवावी. आणि सही करायच्या आधी एकच प्रश्न विचारावा : हे पैसे एकदाच भरायचे की दर वर्षी? बस. ह्याहून जास्त नको.

लेखिका : चार ओळीच झाल्या. हे तुम्ही स्वतः एका कागदावर लिहून दिलंत तर? शाखा तीच आहे, टेबल तेच आहे. तुम्ही निवृत्त आहात, तुमचं कोण काय करणार?

बँकवाले : दे इकडे ते पेन.

लेखिका : हे घ्या.

बँकवाले : ... नको. तूच लिही. माझं अक्षर ओळखतील.